कोटेशनमधला ‘प्रत्यक्षानुसार’ : दुकानातील कॅमेऱ्यांचा खर्च मांडताना

आमच्या घरगुती वस्तूंच्या दुकानात पूर्वीपासून चार कॅमेरे होते, आणि ते आहेत म्हणजे काम भागले, अशी आमची समजूत होती. ती एका महिन्याच्या मालमोजणीत संपली. कप्प्यातील काही महाग वस्तू कमी भरल्या आणि नोंदींवरून त्या साधारण अठरा ते वीस दिवसांपूर्वी गेल्या असाव्यात असे दिसले. मी रेकॉर्डिंग उघडले, तेव्हा सर्वांत जुनी तारीख केवळ नऊ दिवसांपूर्वीची होती. मागील दाराच्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीत तर रात्रीचे तुकडेच्या तुकडे गायब होते. जुनी यंत्रणा काढून नवी बसवायची, हे त्याच दिवशी ठरले. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र कॅमेरे निवडण्यात न जाता खर्चाचा अंदाज मांडण्यात गेले.

प्रथम तीन ठिकाणांहून कोटेशन मागवले. पहिल्यात आठ कॅमेरे, चित्रीकरण साठवणारा एक डीव्हीआर आणि एक टेराबाइटची हार्ड डिस्क होती, आणि रक्कम तिन्हींत सर्वांत कमी होती. दुसऱ्यात नेटवर्क केबलवर चालणारे सहा आयपी कॅमेरे होते, बाकीच्या वस्तू ओळीओळीने लिहिल्या होत्या, पण केबलसमोर ‘अंदाजे ६० मीटर, अधिक लागल्यास प्रत्यक्षानुसार’ अशी टीप होती. तिसऱ्यात एकच ठोक रक्कम होती आणि खाली ‘सर्व समाविष्ट’ एवढेच दोन शब्द. तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर तुलना करता येईल असे काही त्यांत नव्हतेच, कारण प्रत्येकाने वेगळीच वस्तू विकायला काढली होती. म्हणून मी ते बाजूला ठेवले आणि आधी स्वतःचा अंदाज तयार करायचा, मग त्यावर दर मागायचे, असा उलटा क्रम धरला.

पुढे खर्चाचे जे आकडे येतील ते मी पैशांत देणार नाही. दर महिन्यागणिक आणि गावागणिक बदलतात, पण वस्तूंच्या किमतींचे एकमेकींशी असलेले प्रमाण त्या मानाने टिकते. म्हणून आम्ही घेतलेल्या एका कॅमेऱ्याची किंमत म्हणजे एक भाग असे धरून बाकीचा सारा खर्च त्या भागांत सांगतो.

कॅमेरे किती हवेत, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा लवकर सुटला. दुकान चौदा मीटर खोल आणि सात मीटर रुंद आहे, मागे पाच मीटरांचे गोदाम आणि त्याला मागील दार. पहिल्या कोटेशनमधील आठ कॅमेरे ‘कुठलाच कोपरा सुटू नये’ या हिशेबाने होते. मात्र कोपरा दिसणे आणि माणूस ओळखता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कॅमेरा यंत्रणांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल हवेत असे धरले आहे. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र २५६० पिक्सेल रुंद असते, म्हणजे दृश्य दहा मीटरांहून अधिक रुंद झाले की हे प्रमाण तुटते. रुंद कोनाच्या २.८ मिलिमीटर लेन्समध्ये ही रुंदी कॅमेऱ्यापासून साधारण चार मीटरांवरच येते. त्यापलीकडचा माणूस दिसतो, त्याचा सदरा कोणत्या रंगाचा होता हे कळते, पण तो कोण हे खात्रीने सांगता येत नाही. हे समजल्यावर प्रवेशद्वार आणि गल्ला या दोन जागी चेहरा मिळायलाच हवा, वस्तूंच्या दोन्ही ओळींत हालचाल दिसली तरी पुरे, आणि उरलेले दोन गोदाम व मागील दारासाठी, असे सहा ठरले. कॅमेऱ्यांचे सहा भाग झाले, आणि संपूर्ण अंदाजात शेवटपर्यंत न बदललेला आकडा हाच.

खरा गुंता साठवणुकीत होता. पहिल्या कोटेशनवाल्यांना मी फोन करून विचारले, “एक टेराबाइटमध्ये किती दिवस राहतील?” उत्तर आले, “साहेब, महिनाभर आरामात बसतं.” मी गणित विचारले तेव्हा ते म्हणाले की आजवर कोणी तक्रार केलेली नाही. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नव्हते, पण जुन्या यंत्रणेच्या वेळीही मला हेच सांगण्यात आले होते आणि नऊ दिवसांचा अनुभव ताजा होता.

हे गणित कोणालाही कागदावर करता येते. कॅमेरा दर सेकंदाला जेवढी माहिती पाठवतो त्याला बिटरेट म्हणतात आणि तो मेगाबिटमध्ये मोजतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद होतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून सेकंदाला एक मेगाबिट पाठवणारा कॅमेरा दिवसाला १०.८ गिगाबाइट जागा खातो. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की बाकी सारे गुणाकार आहेत. पहिल्या कोटेशनमधील आठ कॅमेरे प्रत्येकी दोन मेगाबिट धरले, तर दिवसाला १७२.८ गिगाबाइट होतात, आणि एक टेराबाइट, म्हणजे हजार गिगाबाइट, सहा दिवसांच्या आतच भरते. त्यानंतर यंत्र जुने पुसून नवे लिहू लागते, आणि त्याची सूचना कोणालाही देत नाही. महिनाभर बसवायचे झाले तर ते केवळ हालचाल असतानाच रेकॉर्ड करून, किंवा चित्राचा दर्जा इतका उतरवून शक्य होते की चेहऱ्याच्या जागी रंगीत चौकोन दिसावेत.

आपल्याला किती दिवस हवेत, हा आकडा विक्रेत्याने सांगायचा नसतो, तो आपल्या कामातून निघतो. आमची मालमोजणी महिन्यातून एकदा होते. तफावत मोजणीच्या दिवशी कळते, आणि तपासायला आणखी चारपाच दिवस जातात. म्हणून पस्तीस दिवस ही माझी किमान गरज ठरली. जे दुकानदार दर आठवड्याला माल मोजतात त्यांना पंधरा दिवसही पुरतील आणि त्यांना डिस्कवर निम्म्याहून कमी जागा लागेल.

उरला बिटरेट. तो छापील माहितीपत्रकावरून घ्यायचा की नाही याविषयी मी साशंक होतो, म्हणून दुसऱ्या कोटेशनवाल्यांना विनंती करून एक कॅमेरा दोन दिवसांसाठी गल्ल्याजवळ तात्पुरता बसवून घेतला. एच.२६५ हे चित्रफीत लहान करणारे संक्षेपण, सेकंदाला पंधरा फ्रेम आणि कमाल मर्यादा चार मेगाबिट, अशी मांडणी ठेवली. नंतर एकेका तासाच्या फायली किती मोठ्या झाल्या ते पाहिले. दिवसा सरासरी २.४ मेगाबिट निघाली, आणि रात्री, दुकान बंद व निर्मनुष्य असताना, ३.६. हे मला प्रथम उलटे वाटले, कारण रिकाम्या दुकानात बदलणार काय? तंत्रज्ञाने पडद्यावर चित्र मोठे करून दाखवले : अंधारात कॅमेरा मिळेल तो प्रकाश वाढवून घेतो, त्याबरोबर चित्रात वाळूसारखे सूक्ष्म कण उसळत राहतात आणि संक्षेपण करणारी यंत्रणा त्या कणांनाच हालचाल समजते. बारा तास २.४ आणि बारा तास ३.६, म्हणजे सरासरी तीन मेगाबिट. सहा कॅमेऱ्यांचे अठरा, दिवसाला १९४.४ गिगाबाइट, आणि पस्तीस दिवसांचे ६,८०४ गिगाबाइट. सहा टेराबाइटमध्ये हे बसत नव्हते, म्हणून आठ टेराबाइटची डिस्क घ्यावी लागणार होती. तिच्यात गणिताने एकेचाळीस दिवस राहतात, म्हणजे थोडी सवडही मिळत होती.

हालचाल असतानाच रेकॉर्ड करण्याच्या पर्यायाने डिस्क निम्मी झाली असती, हे खरे. पण मी अंदाजात ती बचत धरली नाही. किती वाचेल हे दुकानातील वर्दळीवर अवलंबून असते, आणि यंत्राने हालचाल ओळखली नाही तर ती चित्रफीत कधी तयारच होत नाही. आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण पुढे तिच्यावरून आमच्या घरातच वाद झाला. आठ टेराबाइटची डिस्क यंत्राच्या पडद्यावर ७.२८ एवढीच दिसते. दादाला वाटले की आपल्याला कमी क्षमतेची डिस्क दिली. प्रत्यक्षात डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि यंत्र १०२४ च्या पटीत, जागा तेवढीच असते. वरचे गणित हजाराच्या पटीत आहे, त्यामुळे ते डिस्कच्या वेष्टनावरील आकड्याशी जुळते.

चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली डिस्क साध्या संगणकाच्या डिस्कपेक्षा महाग असते, तरीही तीच घेतली. त्या एका वस्तूचे साडेचार भाग झाले. म्हणजे साडेचार कॅमेऱ्यांच्या किमतीची एक डिस्क! आयपी कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा एनव्हीआर, ज्यात ती बसते, तो अवघा १.८ भागांचा. पहिले कोटेशन स्वस्त का होते याचे उत्तर मला येथे मिळाले.

आता केबल. दुसऱ्या कोटेशनमधील साठ मीटर कुठून आले हे शोधायला मी दुकानाचा आराखडा काढला आणि एनव्हीआरच्या जागेपासून प्रत्येक कॅमेऱ्यापर्यंत सरळ रेषा ओढून मोजल्या. बेरीज सत्तावन्न मीटर आली. म्हणजे त्यांनीही तेच केले होते. पण केबल हवेतून तिरकी जात नाही. एका रविवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दादा शिडीवर चढला, मी मोजपट्टी धरली, आणि केबल ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने आम्ही मापे घेतली. प्रवेशद्वाराच्या कॅमेऱ्याचे उदाहरण देतो. सरळ रेषेत अंतर चौदा मीटर होते. प्रत्यक्षात टेबलाच्या उंचीपासून छतापर्यंत २.२ मीटर, तेथून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत ३, बाजूच्या भिंतीने पुढपर्यंत १३, पुढच्या भिंतीवर मध्यापर्यंत ३.५, वाटेतल्या तुळईला वळसा ०.८, कॅमेऱ्यामागे गुंडाळून ठेवायला १ आणि यंत्राच्या पेटीत १.५, अशी पंचवीस मीटर केबल लागणार होती. उरलेल्या पाचांची मापे २१, १८, १२, १५ आणि २० आली. एकूण १११ मीटर, त्यावर दहा टक्के वाढावा धरून १२२. कोटेशनमधील आकड्याच्या दुप्पट, आणि तो जादा भाग ‘प्रत्यक्षानुसार’ या एका शब्दाच्या पोटात होता.

केबल दुप्पट झाली म्हणून फार बिघडले नसते, कारण केबल तुलनेने स्वस्त असते. आमच्या १२२ मीटरचे १.२ भाग झाले. महाग असते ती टाकण्याची मजुरी, आणि तेथे एक प्रश्न विचारायचा राहून जातो : दर मीटरमागे म्हणजे कशाच्या मीटरमागे? दुसऱ्या कोटेशनमध्ये दर केबलच्या मीटरमागे होता. पण आमच्या छतालगतच्या बऱ्याच भागात तीन केबल एकाच पाइपातून जाणार होत्या. भिंतीला भोके एकदाच पाडायची, पाइप एकदाच ठोकायचा, शिडी एकदाच सरकवायची. आम्ही पाइपाची वाट वेगळी मोजली, ती ५२ मीटर भरली. मजुरी पाइपाच्या मीटरमागे ठरवली आणि तीनपेक्षा अधिक केबल असल्या तर थोडी वाढ मान्य केली. दर वाढवून देऊनही एकूण मजुरी बरीच खाली आली. कॅमेरे बसवणे व जोडणी धरून ती २.४ भागांवर थांबली. पाइप, जोडपेट्या आणि कनेक्टर मिळून आणखी १.२.

केबलच्या प्रतीविषयी मी आग्रही होतो, आणि त्याला कारण मागील दाराचा जुना कॅमेरा. तो दिवसा व्यवस्थित चालत असे आणि रात्री थोड्या थोड्या वेळाने बंद होऊन पुन्हा सुरू होत असे. आम्ही कॅमेरा बदलला, अडॅप्टर बदलला, फरक पडला नाही. नवे काम पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावला. अडॅप्टरमधून १२ व्होल्ट निघत होते. वीस मीटर लांबीच्या बारीक तारेतून ते दिवसा ११ पर्यंत उरत. संध्याकाळी त्याने कॅमेऱ्यावर हात धरून अंधार केला, अंधारात पाहण्याचे दिवे लागले, कॅमेरा अधिक वीज ओढू लागला आणि आकडा ९.४ वर आला. कॅमेरा तेथेच बंद पडला. मग त्याने तारेचे एक टोक कापून ब्लेडने हलकेच खरवडले. वरचा तांबूस थर निघाला आणि आतून पांढरी चकाकी दिसली. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार होती. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा अधिक असतो, शिवाय ती कनेक्टरपाशी वाकवली की लवकर तुटते. तेव्हापासून माझ्या अंदाजपत्रकात ‘कॅट ६ केबल’ असे न लिहिता ‘शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल, खोके उघडताना तुकडा तपासून’ असे लिहिले गेले. नव्या यंत्रणेत वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातात. केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच साधारण ४८ व्होल्टने वीज पाठवतो, त्यामुळे घट तितकी जाणवत नाही. अशा जोडणीत एका केबलची कमाल लांबी शंभर मीटर असते, आणि आमच्या पंचवीस मीटरना ती अडचण नव्हती.

स्विचची निवड करताना केवळ एक बेरीज करायची असते : रात्रीचा प्रत्येक कॅमेरा सात वॉट धरला तर सहांचे बेचाळीस होतात, आणि स्विचची एकूण क्षमता त्याहून बरीच वर हवी. स्विचचे १.३ भाग झाले. एनव्हीआर, स्विच, राउटर आणि कॅमेरे मिळून भार ऐंशी वॉटच्या आसपास येत होता. वीज गेल्यावर अर्धा तास तरी चालावे म्हणून यूपीएस १.१ भागांचा, आणि सारे कुलपात ठेवायला छोटी पेटी ०.५ भागांची. हा ऐंशी वॉटचा आकडा आणखी एका ठिकाणी कामाला येतो, तो म्हणजे वीजबिलात. यंत्रणा वर्षभर अखंड चालते, म्हणून वर्षाला सातशे युनिट. ही रक्कम कोणत्याही कोटेशनमध्ये कधी नसते.

बेरीज केली तेव्हा उभारणीचा खर्च बरोबर वीस भाग आला. त्यात कॅमेऱ्यांचे सहा, म्हणजे तीस टक्के. आम्ही मात्र सुरुवातीला सर्व वेळ त्या सहा भागांत घासाघीस करण्यात घालवला होता. आणखी एक खबरदारी म्हणून तिन्ही ठिकाणी ‘रक्कम करासहित की करावेगळी’ हे लेखी विचारले. ठोक रक्कम देणाऱ्यांची रक्कम करावेगळी निघाली आणि त्यांच्या ‘सर्व समाविष्ट’मध्ये यूपीएस नव्हता. मापे आणि वस्तू मी लिहून दिल्यावर त्यांनी दर देणे टाळले. पहिल्यांनी मात्र प्रामाणिकपणे सांगितले की एवढी डिस्क घातली तर आपलेही कोटेशन दुसऱ्याच्या जवळ जाईल. काम दुसऱ्यांना दिले.

वार्षिक देखभालीच्या कराराचा मसुदा शेवटी हातात आला, आणि तो मी सर्वांत कमी लक्ष देऊन वाचणार होतो. एकूण रकमेच्या दहा टक्के, पहिल्या दिवसापासून, वर्षातून चार भेटी, असे त्यात होते. वीस भागांच्या दहा टक्क्यांनी वर्षाला दोन भाग, पाच वर्षांचे दहा. म्हणजे उभारणीच्या निम्मा खर्च देखभालीवर. खालच्या बारीक अक्षरांत मात्र हार्ड डिस्क, बॅटरी, केबलचे नुकसान आणि विजेच्या लोटामुळे झालेला बिघाड वगळला होता.

मी तीन मुद्दे मांडले. पहिला असा की पहिले वर्षभर साऱ्या वस्तू निर्मात्याच्या हमीत आहेत आणि कामाची हमी तुम्हीच दिली आहे, तेव्हा त्या वर्षाचा करार कशासाठी? दुसरा, भिंतीतील पाइप आणि मजुरी या गोष्टींची देखभाल होत नाही, मग त्यांच्या किमतीवर टक्केवारी का? तिसऱ्या मुद्द्यावर त्यांचे प्रतिनिधी जरा वेळ गप्प बसले : डिस्कची जबाबदारी करारात घेतलेली नाही, आणि तरी तिच्या साडेचार भागांवर दहा टक्के लावले आहेत. एक तर डिस्क करारात घ्या, नाही तर तिची किंमत हिशेबातून काढा. डिस्क घ्यायला ते तयार झाले नाहीत, आणि मला ते रास्त वाटले, कारण चोवीस तास चालणारी ती एकच वस्तू निश्चितपणे झिजते. तिची किंमत त्यांनी हिशेबातून काढली. कॅमेरे, एनव्हीआर, स्विच, यूपीएस आणि पेटी मिळून १०.७ भाग, त्याचे दहा टक्के, आणि दुसऱ्या वर्षापासून चार वर्षे. दहा भागांच्या जागी ४.३.

जे करारात नाही ते आपल्याला स्वतःहून बाजूला ठेवावे लागते. पाच वर्षांत डिस्क एकदा बदलावी लागेल असे धरून साडेचार भाग, यूपीएसची बॅटरी दोनदा बदलण्याचे ०.६, उन्हापावसात असलेल्या मागील दाराच्या कॅमेऱ्यासाठी एक, आणि किरकोळ ०.३, असे ६.४ भाग मी राखून ठेवले. पाच वर्षांचा माझा अंदाज वीस अधिक ४.३ अधिक ६.४, म्हणजे ३०.७ भाग आणि साडेतीन हजार युनिट वीज, असा ठरला.

भेटीत काय करायचे हेही लिहून घेतले, कारण ‘तपासणी’ या शब्दात पाच मिनिटांची भेटसुद्धा बसते. काचा पुसणे, बाहेरच्या कॅमेऱ्यापुढील कोळिष्टके काढणे, यंत्राचे घड्याळ बरोबर आहे का पाहणे, आणि प्रत्येक कॅमेऱ्याची सर्वांत जुन्या दिवसाची चित्रफीत प्रत्यक्ष चालवून दाखवणे. शेवटच्या मुद्द्याला तंत्रज्ञ हसला, पण त्याने तो लिहून घेतला.

काम तीन दिवसांत झाले आणि माझा अंदाज दोन ठिकाणी चुकला. मागील दाराकडे जाणारी वाट तुळईमुळे अडली आणि केबल वरून फिरवावी लागली, त्यामुळे १२२ ऐवजी १२६ मीटर लागले. तो फरक नगण्य होता. दुसरी चूक सव्वा महिन्याने कळली. डिस्क पूर्ण भरल्यावर सर्वांत जुनी तारीख एकेचाळीस दिवसांची न राहता सदतीस दिवसांची निघाली. मी उलटे गणित केले : आठ हजार भागिले सदतीस म्हणजे दिवसाला २१६ गिगाबाइट, म्हणजे अठराऐवजी वीस मेगाबिट. प्रवेशद्वार आणि मागील दार या दोन कॅमेऱ्यांना रात्री वाहनांचे दिवे आणि हलणाऱ्या फांद्या दिसत होत्या आणि दिवसा सतत ये-जा, त्यामुळे ते जवळजवळ सदैव कमाल मर्यादेवर, चार मेगाबिटवर, लिहीत होते. मी गल्ल्याजवळच्या एका शांत कॅमेऱ्याचे मोजमाप सहांनाही लावले होते. दोन जागी मोजले असते तर हे आधीच दिसले असते. सवड ठेवली होती म्हणून पस्तीस दिवसांची गरज तरीही भागली.

तेव्हापासून मी दर सोमवारी हिशेबाच्या वहीत सर्वांत जुन्या तारखेपर्यंतचे दिवस लिहितो. कितीतरी आठवडे सदतीस हाच आकडा होता. एकदा तो अडतीस झाला, मग एकोणचाळीस, पुढच्या सोमवारी चाळीस. दादा म्हणाला, “बरं झालं की, जागा वाढली.” पण डिस्क वाढत नसते. लिहिणारा कोणी तरी कमी झाला असल्याशिवाय दिवस वाढणार नाहीत. मी एकेका कॅमेऱ्याची कालची चित्रफीत उघडली, तेव्हा गोदामाच्या कॅमेऱ्याची वीस दिवसांपासून एकही नव्हती. दुकानातला पडदा आम्ही सहसा बंदच ठेवतो, म्हणून तो काळा चौकोन कोणाला दिसला नव्हता. मालाचे खोके भिंतीला टेकवताना केबलवर दाब आला होता आणि जोडपेटीतील कनेक्टर सैल झाला होता. करारानुसार तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी आला, त्याने नवा कनेक्टर बसवला आणि पेटी हातभर वर सरकवली. खोके आता भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून रचतो.